आत्याची सही : नेमके शब्द आठवत नसताना आत्मपर लेखात संवाद कसा उभा करायचा

१९९८ साली मी चौदा वर्षांचा होतो. आजोबांना जाऊन वर्ष झालं होतं आणि सातबाऱ्यावर वडिलांच्या बरोबरीनं आत्याचंही नाव वारस म्हणून लागलं होतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला बापाच्या वाट्यात हिस्सा दिलेला आहे, आणि तो सोडायचा तर हक्कसोडपत्र करावं लागतं. आत्या त्यासाठी आमच्याकडे आली, दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन सही केली आणि घरी गेली. एवढीच गोष्ट. पंचवीस वर्षांनी मी तिच्यावर ललित लेख लिहायला बसलो, तेव्हा पहिल्याच बैठकीत हा प्रसंग कागदावर उतरला :

“बापू, मला काही नको रे. माझं माहेर तेवढं राहू दे,” आत्या डोळे पुसत म्हणाली.

“आक्का, या घराचं दार तुला कायम उघडं आहे,” वडील म्हणाले.

मला राहवलं नाही. “आत्या, तू सही करू नकोस,” मी म्हणालो. आमरसाच्या वाट्या तशाच राहिल्या.

लिहून झाल्यावर मी खूश होतो. पुढच्या दोन महिन्यांत यातलं एकेक वाक्य गळत गेलं, आणि शेवटी आमरससुद्धा गेला. तो सगळा प्रवास इथे क्रमानं मांडतो, कारण आठवणीतला संवाद लिहिताना काय करायचं हे मला तरी याच चार वाक्यांनी शिकवलं.

आधी आठवणीचा स्वभाव समजून घ्या

ऐकलेल्या वाक्याचे शब्द फार लवकर जातात आणि अर्थ मागे राहतो. जॅकलिन सॅक्स या संशोधिकेनं १९६७ साली हे प्रयोगानं दाखवलं. माणसाला एक वाक्य ऐकवून पुढे अर्धा मिनिट दुसरं काही ऐकवलं, की मूळ वाक्याची रचना बदलली तर त्याला कळत नाही. अर्थ बदलला तर मात्र लगेच कळतं. म्हणजे पंचवीस वर्षं सोडाच, अर्ध्या मिनिटातच शब्द सुटायला लागतात.

लेखकाला याहून उपयोगी पडणारा अभ्यास मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांचा आहे, १९८१ सालचा. अमेरिकेत विरोधी पक्षाच्या कचेरीत झालेली घुसखोरी झाकण्याचं जे वॉटरगेट प्रकरण गाजलं, त्यात अध्यक्ष निक्सन यांचे वकील जॉन डीन यांनी अध्यक्षांशी झालेली संभाषणं इतक्या तपशिलात सांगितली, की लोक त्यांना माणसातला टेपरेकॉर्डर म्हणू लागले. नंतर खऱ्या टेप बाहेर आल्या. नायसर यांनी १५ सप्टेंबर १९७२ च्या भेटीची जबानी आणि टेप शेजारी ठेवून वाचली. डीन सांगत होते त्यातली बरीच वाक्यं त्या दिवशी कुणी उच्चारलीच नव्हती, काहींचा तर आशयही त्या भेटीत नव्हता. पण अध्यक्षांना सगळं माहीत होतं आणि ते झाकायचा प्रयत्न चालू होता, हे डीन यांचं म्हणणं मात्र खरं होतं. चुकांची दिशा बघण्यासारखी आहे. आठवणीतल्या खोलीत डीन स्वतः प्रत्यक्षातल्यापेक्षा मोठे झाले होते.

माझ्या मसुद्यातलं “आत्या, तू सही करू नकोस” आठवा.

पहिलं काम : कुणाला विचारण्याआधी तुमचा कागद

गोष्ट लिहायला घेण्याआधी एक कोरा कागद घ्या, वर आजची तारीख टाका आणि त्या प्रसंगातलं जे आठवतं ते तुकड्यातुकड्यांत लिहा. वाक्यं सजवू नका. कोण कुठे बसलं होतं, हातात काय होतं, बोलायला सुरुवात कुणी केली, कोण गप्प होतं, शेवटी कोण उठलं. हे सगळं घरच्या कुणाशीही बोलण्याच्या आधी करायचं. एकदा आईनं तिची आठवण सांगितली की ती तुमच्या आठवणीत मिसळते, आणि नंतर कुठलं कुणाचं ते वेगळं काढता येत नाही. तारखेचा उपयोग हाच, की हा कागद बोलण्याच्या आधीचा आहे एवढी तरी तुमच्याकडे नोंद राहते.

मग प्रत्येक तुकड्यापुढे एक अक्षर लिहा. शब्दांसकट आठवतंय असं छातीठोक वाटत असेल तर ‘प’, पक्कं. बोलणं झालं हे नक्की पण शब्द माझे, तर ‘आ’, आशय. आणि काहीतरी असणार म्हणून मीच भरलंय, तर ‘भ’, भर. शेवटचं अक्षर लिहिताना जिवावर येतं. तरी लिहा.

माझ्या कागदावर हे निघालं. आत्या माजघरात भिंतीला टेकून बसली होती, पक्कं. हातातल्या कशाचे तरी ती तुकडे करत होती आणि खात नव्हती, पक्कं. वडील कागद वाचून दाखवत होते तेव्हा ती म्हणाली “वाचू नको”, पक्कं. माहेर राहू दे असं ती म्हणाली, आशय. वडिलांचं दार उघडं असल्याचं वाक्य, भर. माझं वाक्य… इथे मी बराच वेळ पेन धरून बसलो. ‘भ’.

गंमत अशी, की “वाचू नको” हे एकमेव पक्कं वाक्य माझ्या पहिल्या मसुद्यात नव्हतंच. ते मला फिकं वाटलं असणार.

पक्क्यालाही एकदा कसाला लावून बघा

‘पक्कं’ म्हणजे आपल्याला पक्कं वाटतं, एवढंच. खात्रीची भावना आणि खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून प्रत्येक पक्क्या वाक्याला मी तीन प्रश्न विचारतो.

हे वाक्य घरात किती वेळा सांगितलं गेलं? लग्नाकार्यात दर वेळी निघणारी आठवण सांगणाऱ्याच्या जिभेवर गुळगुळीत होते. तिच्यातला विनोद दर खेपेला थोडा वर सरकतो. असं वाक्य ‘प’ मधून ‘आ’ मध्ये न्यावं, किंवा लेखात तसंच सांगावं, की आमच्या घरी ही गोष्ट अशी सांगतात. तो वेगळा आणि प्रामाणिक दावा आहे.

हे वाक्य मी आणखी कुठे ऐकलंय का? “माझं माहेर तेवढं राहू दे” हे वाक्य कुठल्याही कौटुंबिक नाटकातल्या कुठल्याही बहिणीच्या तोंडी शोभेल. ते कुणाच्याही तोंडी शोभतं हीच त्याची अडचण. खऱ्या बोलण्यात सहसा एखादा कोपरा बाहेर आलेला असतो, प्रसंगाला न शोभणारा. “वाचू नको” मध्ये तो आहे. तिनं नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही, फक्त वाचणं थांबवायला सांगितलं. असं वाक्य मी रचलं नसतं, आणि म्हणूनच माझा त्याच्यावर विश्वास आहे.

तिसरा प्रश्न : या वाक्यामुळे कोण मोठं होतंय? मी, माझी आई, माझी बाजू? मग संशय घ्या. डीन यांच्यापेक्षा आपण फार वेगळे नसतो.

दुसरं काम : कागदपत्रं, मग माणसं

कागदपत्रं शब्द देत नाहीत. पण त्यांच्यामुळे चुकीचे शब्द बाद होतात. वडिलांच्या ट्रंकेत हक्कसोडपत्राची प्रत सापडली. अशा दस्तांची भाषा ठरलेली असते. राजीखुशीनं, कुणाच्याही दडपणाशिवाय वगैरे. आत्याच्या मनातलं त्यात काहीच नव्हतं. पण तारीख होती, ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. म्हणजे दिवाळीची सुट्टी, भाऊबीज नुकतीच होऊन गेलेली. ऑक्टोबरात आमरस कुठून येणार? मी दोन सुट्ट्या एकमेकींत मिसळल्या होत्या. हातातली तुकडे होत असलेली वस्तू फराळातली काही असावी. पण ती करंजी होती की शंकरपाळी हे मला दिसत नाही, म्हणून लेखात ती ‘हातातलं काहीतरी’ एवढीच राहिली.

तारखेनं असे अडथळे दूर होतात. त्या काळी फोन घरात होता की एसटीडी बूथवर जावं लागायचं, त्या दिवशी कचेरी उघडी होती की रविवार होता, एसटी कितीची होती, हे तपासलं की संवादातल्या निम्म्या चुका आपोआप पडतात. बोलण्यातले शब्दही काळाचे असतात. १९९८ च्या आत्याच्या तोंडी ‘टेन्शन’ चालेल, ‘स्पेस दे’ चालणार नाही.

मग माणसं. प्रत्येकाला वेगवेगळं गाठायचं, एकत्र बसवून नाही. एकत्र बसलं की जो ठासून बोलतो त्याची आठवण सगळ्यांची होते. आपला मसुदा वाचून दाखवायचा नाही. प्रश्न उघडा ठेवायचा : “आत्या सही करायला आली होती तेव्हाचं तुला काय आठवतं?” “आत्या रडली होती ना?” असं विचारलं की उत्तर ‘हो’ येणार आणि ते उत्तर तुमचंच असणार. आणि ऐकलेलं त्याच दिवशी, त्याच शब्दांत उतरवायचं. यामागचं कारण पुढे येईल.

आई म्हणाली, आत्या स्वयंपाकघरात तिच्याजवळ येऊन म्हणाली होती, “साडीचोळी तेवढी चुकवू नकोस.” माझी आतेबहीण तेव्हा सतरा वर्षांची होती आणि आत्याबरोबर आली होती. तिला घरातलं काहीच आठवत नाही. तिला आठवते ती कचेरी. तिथं आत्या म्हणाली होती, “कुठं करू सही ते सांगा, आमची तीनची गाडी आहे.” तिनं आणखी एक गोष्ट सांगितली, तिच्याकडे मी नंतर येतो. आणि वडील, आता सत्त्याहत्तर वर्षांचे, म्हणाले, “बोलणं काय व्हायचंय? ठरलेलंच होतं.”

चार माणसं, चार प्रसंग. मी आधी गोंधळलो, मग लक्षात आलं की यांत भांडण फारसं नाही. आई स्वयंपाकघरात होती, मी माजघरात, आतेबहीण दुसऱ्या दिवशी कचेरीत. मी तिन्ही ठिकाणचा आशय उचलून माजघरात ओतला होता आणि त्याला नाटकातले शब्द दिले होते. मुख्य म्हणजे, मी काही बोललो होतो असं कुणालाच आठवत नव्हतं.

असे वेगवेगळे पाठ निघाले की एक खरा आणि बाकीचे खोटे ठरवायची घाई करू नये. आपल्याकडे याची चाल फार जुनी आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या त्या प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांना गाठून, आणि लीळाचरित्राच्या पोथ्यांत एकाच लीळेचे वेगवेगळे पाठही नोंदलेले सापडतात. आईचा पाठ आईच्या नावावर ठेवला, आतेबहिणीचा तिच्या, की माझ्यावरचं ओझं कमी होतं आणि वाचकालाही कोण कुठून बघत होतं ते कळतं.

तिसरं काम : मराठीच्या पायऱ्या वापरा

इथे जरा रेंगाळतो, कारण या बाबतीत आपली भाषा फार सोयीची आहे आणि तेवढीच फसवी.

मराठीत ‘की’ लावलं तरी आतलं वाक्य बोलणाऱ्याचंच राहतं. ‘आत्या म्हणाली की मी उद्या येते.’ ‘आत्या म्हणाली, “मी उद्या येते.”’ दोन्हींत ‘मी’ आत्याच आहे, क्रियापदही तेच. फरक फक्त चिन्हांचा. ही चिन्हं मराठीत आली छापखान्याबरोबर, एकोणिसाव्या शतकात. जुन्या गद्यात ‘म्हणीतलें’ एवढ्यावर भागायचं. म्हणून आपला हात सवयीनं अवतरणचिन्हं टाकतो आणि आपण काही दावा केला असं वाटतही नाही. पण आजच्या वाचकाला ती चिन्हं सांगतात, की हे असंच बोललं गेलं. वाक्य न बदलता नुसती चिन्हं काढली तरी दावा उतरतो. शंका असेल तिथे आधी हा उपाय करून बघा.

त्याच्या खालची पायरी म्हणजे नुसता आशय : ‘आत्यानं उद्याच यायचं ठरवलं होतं, तसं ती बोललीही.’ आणखी खाली, ‘असं काहीसं ती म्हणाली’. हा ‘काहीसं’ लेखात एकदा गोड लागतो, तिसऱ्यांदा लेखक अंग चोरतोय असं वाटायला लागतं. मग ‘म्हणाली असेल’. यात बोलणं झालं की नाही तेही लेखकाला माहीत नाही, तो अंदाज करतोय, आणि वाचकाला ते लगेच कळतं. आणि ‘म्हणे’ : ‘आत्या कचेरीत साहेबांनाच विचारायला लागली म्हणे.’ मी तिथं नव्हतो, दुसऱ्यानं सांगितलंय, हे सगळं त्या दोन अक्षरांत येतं. मात्र ‘म्हणे’ला अविश्वासाची किंवा टवाळीची किनार आहे. दुःखाच्या प्रसंगात तो शब्द जपून वापरा. तिथे ‘आतेबहीण सांगते’ बरं.

एक रूप मात्र सगळ्यांत कामाचं : रीतिभूतकाळ. ‘आत्या म्हणायची, “बापू, जेवून जाते हं, पण घाई कर.”’ एका विशिष्ट दिवसाची हमी यात नाही. ती असं बोलायची, अनेकदा, एवढाच दावा आहे आणि तो तुम्ही खरोखर करू शकता. माणसाचा आवाज वाचकाच्या कानात बसवायचा असेल तर आधी असं एक-दोनदा ‘म्हणायची’ लिहा. मग मोक्याच्या प्रसंगात एखादं पक्कं वाक्य पुरतं, कारण वाचक बाकीचं त्याच आवाजात ऐकतो.

प्रमाण विचाराल तर माझा हिशेब असा आहे : आठवणीतल्या एका प्रसंगात चिन्हांच्या आत दोन किंवा तीन वाक्यं, तीही लहान. तिन्ही ‘प’ मधली, किंवा ‘आ’ मधली असली तर वाचकाला तसं कळेल अशी. पानभर सवाल-जवाब दिसले की मी वाचक म्हणून विश्वास ठेवायचं सोडतो. इतकं कुणाला आठवतं?

चौथं काम : आशयाला त्या माणसाची भाषा द्या

कधी कधी ‘आ’ मधलं वाक्य संवाद म्हणूनच हवं असतं. प्रसंग त्याच्याशिवाय उभाच राहत नाही. तेव्हा शब्द रचावे लागतात. पण ते तुमचे नकोत, त्या माणसाचे हवेत. त्यासाठी अर्ध्या पानाची एक आवाजाची नोंद करा. तो माणूस कुणाला काय हाक मारायचा, कुणाला तू आणि कुणाला तुम्ही, वाक्य लांब बोलायचा की तोडून, कुठला शब्द उगाच यायचा, राग आला की आवाज चढायचा की बसायचा. जुनी पत्रं असली तर फारच बरं. लग्नाची व्हिडिओ कॅसेट असली तर त्यात मागे कुणी बोलत असतं, तेही ऐका.

आत्याची नोंद अशी झाली. वडिलांना ‘बापू’ आणि ‘तू’. वडील तिला ‘आक्का’, तेही ‘तू’च, मोठी असली तरी. आई तिला ‘वन्सं’ आणि ‘तुम्ही’. बोलणं आखूड, सहा-सात शब्दांच्या वर वाक्य जायचं नाही. ‘कुठं’, ‘तिथं’, ‘न्हाई’. प्रश्नाला उत्तर म्हणून बरेचदा दुसरंच काम सांगायची. आता “बापू, मला काही नको रे. माझं माहेर तेवढं राहू दे” या नोंदीशेजारी ठेवून बघा. ‘बापू’ सोडला तर त्यात आत्या कुठेच नाही.

बोलीच्या बाबतीत दोन्हीकडून घसरतात. एक तर सगळे पुस्तकी बोलतात. नाहीतर लेखक प्रत्येक शब्द वाकडा करतो आणि माणसाची नक्कल होते. जो शब्द तुम्हाला त्याच्या आवाजात ऐकू येतो तेवढाच त्या बोलीत लिहा, बाकीचा साधा ठेवा. मला आत्याचं ‘न्हाई’ ऐकू येतं. ‘व्हतं’ म्हणायची का, नक्की नाही, म्हणून लिहिलं नाही.

आणि माहिती संवादात कोंबू नका. “आक्का, तुला माहीतच आहे, आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर तुझंही नाव लागलंय” असं कुठलाही भाऊ बहिणीला सांगत नाही. शिवाय तिला ते आजोबा नव्हते, वडील होते! मी हे वाक्य एका मसुद्यात खरोखर लिहिलं होतं. वाचकाला जे सांगायचं ते लेखक म्हणून तुम्ही सांगा. रचलेला संवाद असाच पकडला जातो : दोन माणसं एकमेकांशी न बोलता वाचकाशी बोलायला लागतात.

पाचवं काम : वाक्य कुणाच्या अंगावर पडतंय ते बघा

आतेबहिणीनं सांगितलेली दुसरी गोष्ट ही, की सही होण्याआधी माझे वडील आत्याला म्हणाले होते, पोरीच्या लग्नाला मी उभा राहतो. पोर म्हणजे ती स्वतः. ते उभे राहिले की नाही यावर घरात दोन मतं आहेत.

हे वाक्य चिन्हांत घातलं असतं तर लेख जबरदस्त झाला असता. तो मोह मला झाला. पण त्याची एकच साक्षीदार होती आणि तिचा त्यात हितसंबंध गुंतलेला होता. ज्यांच्या तोंडी ते पडणार ते हयात आहेत, आणि त्या एका वाक्यानं ते शब्द फिरवणारे ठरणार होते. माझा नियम असा, की वाक्याचं वजन जेवढं जास्त तेवढा पुरावा जास्त हवा. ‘चहा घे’ हे वाक्य रचलं तर कुणाचं काही जात नाही. वचन, धमकी, शिवी, कबुली, जात किंवा पैशांबद्दलचा शेरा, मरताना काढलेले शब्द, हे रचायचे नाहीत. आशय नक्की असला तरी चिन्हांत घालायचे नाहीत.

मी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, “म्हटलं असेल. म्हणायची पद्धत असते.” आता हे वाक्य मी शब्दशः देऊ शकतो, कारण ते मी त्याच संध्याकाळी वहीत लिहिलं. मघाशी ऐकलेलं त्याच दिवशी उतरवायला सांगितलं ते यासाठीच. भूतकाळातला संवाद हाताला लागत नसेल तर त्या संवादाबद्दल आज झालेला संवाद लिहा. तो पक्का असतो, आणि माझ्या अनुभवात बरेचदा मूळ संवादापेक्षा जास्त बोलतो. अर्थात हे आपण लिहिणार आहोत याची समोरच्याला कल्पना द्यायला हवी. मी दिली होती. “लिही की,” एवढंच ते म्हणाले.

वाचकाला किती सांगायचं, हाही प्रश्न येतो. नेमके शब्द मला आठवत नाहीत, हे लेखात एकदा, संवाद यायच्या आधी आणि लेखाच्याच आवाजात सांगितलं की पुरे. दर वाक्यामागे क्षमा मागू नये. दोन भेटी एकत्र करून एक प्रसंग केला असेल तर मात्र तळटीप तरी द्या. शब्द रचणं वाचक समजून घेतो, घडलंच नाही ते घडवणं समजून घेत नाही. मी भेटी एकत्र करतच नाही. ‘दुसऱ्या दिवशी’ असे दोन शब्द लिहायला काय जातं?

शेवटी प्रसंग असा झाला

भाऊबीज होऊन चार-पाच दिवस झाले होते. आत्या परत आली ती भाऊबीजेची साडी नेसून, असं आई म्हणते. पंचवीस वर्षांनंतर कोण काय बोललं ते मी शब्दाला शब्द सांगू शकत नाही, आणि बोलणंही फार झालं नसावं. “बोलणं काय व्हायचंय? ठरलेलंच होतं,” असं वडील परवा म्हणाले. मला दिसते ती माजघरात भिंतीला टेकलेली आत्या. हातातल्या कशाचे तरी तुकडे करत होती, खात नव्हती. वडील कागद मोठ्यानं वाचत होते. दुसऱ्या की तिसऱ्या ओळीला ती म्हणाली, “वाचू नको.” त्यांनी कागदाची घडी केली. मी काही बोललो नाही. नंतर स्वयंपाकघरात आईला तिनं साडीचोळी तेवढी चुकवू नकोस म्हटलं. दुसऱ्या दिवशी तालुक्याला मी गेलो नाही. आतेबहीण सांगते, तिथं आत्यानं कुठं सही करायची तेवढंच विचारलं, कारण त्यांची तीनची गाडी होती. लग्नाला उभं राहण्याचं बोलणं त्याच दिवशी झालं, असंही ती सांगते. वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, “म्हटलं असेल. म्हणायची पद्धत असते.”

आत्याच्या तोंडचं चिन्हांत एकच वाक्य उरलं, दोन शब्दांचं. बाकीची चिन्हं आजच्या वडिलांची आहेत.

छापायला देण्याआधी प्रसंगातल्या हयात माणसांना तो भाग दाखवायचा. परवानगीचा प्रश्न नंतरचा, आधी कानासाठी. तुम्ही काय लिहिलंय त्याच्याशी ते सहमत नसतील, पण ‘ती असं बोलली नसती’ हे त्यांना तुमच्याआधी कळतं. आत्या आता नाही. आतेबहिणीनं वाचलं. लग्नाबद्दलचं वाक्य ती दोनदा वाचेल अशी माझी धाकधूक होती, पण तिचं बोट साडीचोळीवर थांबलं.

“नकोस नाही. ‘नका’ म्हणाली असेल,” ती म्हणाली. “मामीला एकटीला कशाला सांगेल ती? दोघांना म्हणून सांगितलं असेल.”

मी आईला फोन केला. ती जरा वेळ थांबली.

“नकाच असेल,” ती म्हणाली. “सांगताना मी माझ्यावर घेतलं.”